खणाच्या एका बॅगेची किंमत कशी ठरवायची: कापड, मिनिटं आणि न दिसणारा खर्च

घरी शिवलेल्या बॅगेची किंमत ठरवताना बहुतेक जण दोनच गोष्टी पाहतात. सामानाला किती पैसे लागले, आणि बाजारात तशी बॅग कितीला मिळते. या दोहोंच्या मधला कुठलातरी आकडा धरला जातो आणि काही महिन्यांनी लक्षात येतं की ऑर्डर भरपूर आहेत, रात्रीपर्यंत मशीन चालतंय, तरी हातात काही उरत नाही. पैसा नेमका कुठे गळतो हे कळायला एका नगाचा हिशेब मुळापासून मांडावा लागतो. तोच इथे खणाच्या एका बॅगेवर करून दाखवला आहे. सामानाचे भाव उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या गावात ते वेगळे असतील, तिथे आपले आकडे घाला. पद्धत मात्र हीच ठेवा.

बॅग अशी आहे: वरून खण, आत सुती अस्तर, मध्ये पातळ फोम, वर चेन, आत एक खिसा, खांद्यावर घेता येतील असे दोन पट्टे. पुढचा आणि मागचा तुकडा प्रत्येकी १६ इंच रुंद आणि १५ इंच उंच बेतायचा. शिलाईला अर्धा इंच सोडून आणि तळाचे कोपरे ४ इंचांचे शिवून झाल्यावर बॅग वर १५ इंच रुंद, १२ इंच उंच आणि तळाला ४ इंच खोल होते. हिशेब एका बॅगेचा नाही, १० बॅगांच्या खेपेचा करायचा आणि शेवटी १०ने भागायचं. एकेकट्या बॅगेवर मोजलं तर सामान आणि वेळ, दोन्हींचे आकडे चुकतात.

पहिली पायरी: सामान, जसं विकत घ्यावं लागतं तसं

कापडापासून सुरुवात करू, कारण सर्वांत मोठी चूक तिथेच होते. एका बॅगेला १६ × १५ इंचांचे दोन तुकडे, म्हणजे ४८० चौरस इंच कापड लागतं. ४४ इंच पन्ह्याच्या एका मीटरमध्ये साधारण १,७३० चौरस इंच येतात. या भागाकाराने एका बॅगेला जेमतेम २८ सेंटिमीटर कापड पुरायला हवं. कागदावर हे बरोबर आहे, पण कात्रीला मान्य नाही. ४४ इंचांत १६ इंचांचे दोनच तुकडे बसतात आणि शेजारी १२ इंचांची पट्टी उरते. म्हणजे एका बॅगेला १५ इंच लांबी पूर्ण पन्ह्यासकट लागते. १० बॅगांना १५० इंच, म्हणजे ३.८१ मीटर. दुकानात कापड तिरकं कापलं जातं आणि धुतल्यावर थोडं आटतं, म्हणून ४ मीटर धरा. एका बॅगेला ४० सेंटिमीटर झाले. क्षेत्रफळावरून हिशेब केला असता तर जवळजवळ एक तृतीयांश कापडाचे पैसे हिशेबाबाहेर राहिले असते.

उरलेल्या १२ इंची पट्टीचं काय? तिचे छोटे पाऊच करून तुम्ही खरंच विकत असाल, तर तेवढ्या कापडाची किंमत पाऊचच्या हिशेबात धरा. 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून पिशवीत साठवत असाल, तर ते पैसे बॅगेतूनच निघाले पाहिजेत.

पन्हा विकत घेण्याआधी टेपने मोजा. पारंपरिक हातमागाचा खण चोळीसाठी विणलेला, त्यामुळे त्याचा पन्हा कमी असतो. तो ३१ इंच निघाला तर १६ इंचांचे दोन तुकडे शेजारीशेजारी बसत नाहीत. एका ओळीत एकच तुकडा निघतो आणि १० बॅगांना ७.६ मीटर कापड लागतं. अशा वेळी तुकडा १५ इंच रुंद करा. बॅग एका इंचाने अरुंद होईल, पण कापड निम्म्यावर येईल. हा निर्णय बेतण्याआधी, शक्य तर कापड घेण्याआधीच व्हायला हवा.

आता एका बॅगेचं सामान पाहू. प्रत्येक आकडा १० बॅगांच्या खरेदीला १०ने भागून आलेला आहे.

- खण, ०.४ मीटर, १८० रुपये मीटरने: ७२ रुपये
- अस्तर आणि आतला खिसा, अर्धा मीटर, ८० रुपये मीटरने: ४० रुपये
- फोम, ०.३ मीटर, १२० रुपये मीटरने: ३६ रुपये
- पट्टा, सव्वा मीटरच्या आत: १६ रुपये
- रोलमधली चेन आणि एक रनर: ९ रुपये
- दोरा: ४ रुपये
- शिवायचं लेबल: ३ रुपये
- टॅग आणि देताना लागणारी कागदी पिशवी: १० रुपये
- खरेदीची रिक्षा-बस: १० रुपये

एकूण २०० रुपये.

यातल्या शेवटच्या तीन ओळी आणि दोरा बहुतेकांच्या वहीत नसतात. दोऱ्याचा खर्च अंदाजाने धरू नका. नवा कोन लावला की त्यावर तारीख लिहा, आणि तो संपेपर्यंत किती बॅगा झाल्या ते मोजा. एकदा मोजलं की वर्षभर पुरतं. खरेदीच्या फेरीला २०० रुपये गेले आणि त्या फेरीत २० बॅगांचं सामान आलं, तर एका बॅगेवर १० रुपये पडले. पाच बॅगांचं सामान आणायला तीच फेरी मारली तर ४० रुपये पडतील. म्हणून घाईच्या ऑर्डरमध्ये फायदा दिसतो तेवढा नसतो.

बिलातला जीएसटी वेगळा काढू नका. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर खरेदीवर भरलेला कर तुम्हाला परत मिळत नाही, तो तुमचा खर्चच आहे. दुकानदाराला दिलेली पूर्ण रक्कम धरा. आणि कापड घरात पडून असेल, गेल्या वर्षी स्वस्तात घेतलेलं असेल, तरी हिशेबात आजचा भाव लावा. ही बॅग विकून आलेल्या पैशांतून पुढचं कापड आजच्याच भावाने आणायचं आहे.

दुसरी पायरी: वेळ, घड्याळ लावून

'एक बॅग साधारण तासात होते' असं विचारल्यावर सगळेच सांगतात. तो तास मशीनवर बसल्याचा असतो. कापड भिजवणं, वाळवून इस्त्री करणं, खडूने आखणं, कापणं, फोम जोडणं, दोरे कातरणं, बॅग सुलट करून कोपरे बाहेर काढणं, लेबल, फोटो, घडी, हे सगळं त्यात नसतं. म्हणून टप्प्याटप्प्याने मोजायचं. फोनवरचं घड्याळ टप्पा सुरू करताना लावा, संपताना मिनिटं वहीत लिहा. मध्ये फोन आला किंवा कुकर बंद करायला उठलात तर ती मिनिटं वजा करा. टीप चुकून उसवावी लागली तर ती मिनिटं मात्र वजा करू नका, कारण उसवणं हा कामाचाच भाग आहे आणि दर खेपेला थोडंफार होतंच.

१० बॅगांच्या खेपेचा वेळ असा निघाला असं धरू. धुणं-इस्त्री ४० मिनिटं. बाहेरचे, फोमचे आणि अस्तराचे मिळून ६० तुकडे आणि खिसे आखून कापायला १०० मिनिटं. खणाला फोम जोडायला १२०. चेन आणि खिसा १५०. पट्टे लावायला ६०. बाजू, तळ आणि अस्तर जोडायला २००. सुलट करणं, दोरे कातरणं, शेवटची इस्त्री ८०. लेबल, फोटो, पॅकिंग ५०. बेरीज ८०० मिनिटं, म्हणजे एका बॅगेला ८० मिनिटं. मशीनवरचा वेळ यातला ५३ मिनिटंच आहे. 'तासात होते' म्हणणाऱ्याचं मशीनपुरतं बरोबर असतं, पण उरलेली २७ मिनिटं तो फुकट देतो.

नवीन शिकणाऱ्याने इथे एक काळजी घ्यावी. पहिल्या बॅगेला तीन तास लागले असतील, तर त्या तीन तासांची किंमत गिऱ्हाइकाकडून घेता येणार नाही. तो तुमच्या शिकण्याचा खर्च आहे. उलट, एखाद्या दिवशी हात भराभर चालला तो वेळही धरू नका. तीन खेपा मोजा, पहिली सोडून द्या, उरलेल्या दोन्हींची सरासरी घ्या.

आता तासाचा दर. सोपी कसोटी अशी: उद्या तुमचा हात दुखावला आणि हेच काम, याच सफाईने, गावातल्या कारागिराकडून करून घ्यायचं ठरलं, तर तो तासाला किती मागेल? तोच तुमचा दर. त्याची खालची पातळी ठरवायला राज्य सरकारचं किमान वेतन पाहा. ते उद्योगानुसार आणि परिमंडळानुसार वेगळं असतं आणि त्यातला विशेष भत्ता दर ६ महिन्यांनी बदलतो. महिन्याच्या रकमेला २६ दिवसांनी आणि मग ८ तासांनी भागलं की तासाचा आकडा मिळतो. त्याच्या खाली जायचं नाही. 'घरीच असते, मोकळ्या वेळात करते' हे दर कमी ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही, कारण काम वाढून मदतनीस ठेवायची वेळ आली की तिला मोकळ्या वेळाचा दर देता येत नाही आणि सगळ्या किमती एकदम वाढवाव्या लागतात.

या उदाहरणात तासाला ७५ रुपये धरू. ८० मिनिटांचे १०० रुपये झाले.

तिसरी पायरी: वरकड खर्च

वरकड खर्च म्हणजे जो एका बॅगेला बोट दाखवून चिकटवता येत नाही, पण महिना संपला की द्यावाच लागतो. आधी महिन्याची रक्कम काढू.

मशीन १८,००० रुपयांचं आहे आणि ते ६ वर्षं चांगलं चालेल असं धरलं तर महिन्याला २५० रुपये घसारा. सुया, तेल, सर्व्हिसिंग मिळून १५०. फोन आणि इंटरनेटमधला कामाचा वाटा १५०. कामाच्या कोपऱ्याचं भाडं ५००. घर स्वतःचं असलं तरी हे धरा, कारण त्या जागेत सामानाचे गठ्ठे आहेत आणि काम वाढलं की जागा भाड्याने घ्यावीच लागते. कात्रीला धार, खडू, नमुन्याच्या बॅगा यांचे २००.

विजेची धास्ती सगळ्यांना असते, प्रत्यक्षात ती एवढी मोठी नसते. इस्त्री १,००० वॅटची आणि महिन्यात १५ तास चालू, म्हणजे १५ युनिट. मशीनची मोटर १०० वॅटची, ६० तास, ६ युनिट. दिवा-पंखा मिळून १०० वॅट, १०० तास, १० युनिट. एकूण ३१ युनिट. इथे सरासरी दर लावू नका. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं: १०० युनिटांपर्यंत एक दर, पुढे ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी चढा. घराचा वापर आधीच झालेला असतो, त्यामुळे तुमच्या कामाचे युनिट वरच्या टप्प्यात मोडतात. बिलावरचा सर्वांत वरचा लागू झालेला दर, वहन आकार धरून, घ्या. ९ रुपये धरले तर २७९, म्हणजे २८० रुपये.

बेरीज १,५३० रुपये.

एवढ्यावर थांबलात तर वरकड खर्चातला सर्वांत मोठा आकडा सुटला. तो आहे विकण्या-घेण्यात जाणारा तुमचा वेळ. महिन्याला २५ दिवस, रोज ४ तास काम करता, म्हणजे १०० तास. यातले किती तास बॅगा तयार होतात? खरेदीच्या फेऱ्या, व्हॉट्सअॅपवर 'हाच रंग मोठ्या साइझमध्ये आहे का' याला उत्तरं, कुरियरच्या रांगा, हिशेब, नवा नमुना बसवणं यांत ३० तास सहज जातात. बॅगा बनतात त्या उरलेल्या ७० तासांतच. त्या ३० तासांचे ७५ रुपयांनी २,२५० रुपये होतात आणि तेही बॅगांमधूनच यायला हवेत.

१,५३० आणि २,२५० मिळून ३,७८० रुपये. याला १०० ने नाही, ७० ने भागायचं, कारण विकण्यासारखं काही तयार होतं ते त्या ७० तासांतच. तासाला ५४ रुपये आले. ८० मिनिटांचे ७२ रुपये.

वरकड खर्च नगावर न वाटता तासावर वाटण्याचं कारण आहे. तुम्ही बॅगेबरोबर १५ मिनिटांत होणारा पाऊचही शिवत असाल, तर नगावर वाटल्यास दोघांवर सारखाच बोजा पडतो, पाऊच उगाच महाग होतो आणि बॅग स्वस्त. तासावर वाटलं की ज्याला जास्त वेळ लागतो त्याच्यावर जास्त पडतो.

चौथी पायरी: बिघडलेला नग आणि नफा

सामान २००, मजुरी १००, वरकड ७२. एका बॅगेला ३७२ रुपये. पण शिवलेली प्रत्येक बॅग विकण्याजोगी नसते. खणाच्या रेघा तिरक्या येतात, चेनीचा दात तुटतो, इस्त्रीने फोम बसतो. २० मधली एक बॅग बाजूला पडत असेल तर २० बॅगांचा खर्च १९ बॅगांतून काढायचा: ३७२ गुणिले २० भागिले १९, म्हणजे ३९२ रुपये. हा तुमचा खरा उत्पादन खर्च. याखाली विकलेली प्रत्येक बॅग घरातले पैसे घालून दिलेली असते.

यावर नफा. मजुरी मिळाली की झालं, नफा कशाला, असं पुष्कळांना वाटतं. मजुरी ही हाताची, नफा हा धंद्याचा. दिवाळीआधी दोन महिने कापडात अडकलेले पैसे, पावसाळ्यात थंड पडणारी विक्री, न खपलेला रंग, पुढचं मशीन, हे सगळं नफ्यातून भागतं. १५ टक्के धरले तर ३९२चे ४५० रुपये होतात.

या ४५० ला विक्री किंमत समजू नका. कुठूनही बॅग विकली, तरी मधल्या सगळ्यांचे वाटे जाऊन तुमच्या हातात पडायलाच हवेत असे हे ४५० आहेत.

पाचवी पायरी: कमिशन वर चढवताना भागाकार

शहरातल्या एखाद्या हस्तकलेच्या दुकानात बॅगा ठेवल्या आणि दुकानदार विकल्यावर ३० टक्के कापून पैसे देणार आहे. बरेच जण ४५० मध्ये ३० टक्के मिळवतात आणि ५८५ लेबल लावतात. दुकानदार ३० टक्के कापतो ते ५८५चे. तुमच्या हातात ४०९ रुपये ५० पैसे पडतात. बॅगेमागे ४० रुपये गेले, आणि ५८ रुपयांच्या नफ्यातले ४० गेले की उरलं काय?

बरोबर पद्धत भागाकाराची. दुकानदार ३० घेतो, म्हणजे तुम्हाला १०० मधले ७० मिळतात. ४५० ला ०.७० ने भागा: ६४३. लेबल ६५०चं. ताळा करून पाहा: ६५०चे ७० टक्के ४५५. ऑनलाइन बाजारात विकणार असाल तर कमिशनवर १८ टक्के जीएसटीही कापला जातो, म्हणजे ३० टक्के कमिशन प्रत्यक्षात ३५.४ टक्के होतं. भाजक ०.७० चा ०.६४६ होतो आणि किंमत ६९७ येते. परत आलेल्या मालाचा कुरियर खर्च कोणाकडे हे तिथे नाव नोंदवण्याआधी वाचून घ्या.

मग घरून घेणाऱ्याला ४५० ला द्यावी का? देऊ नये. तुमची बॅग दुकानात ६५० ला आणि व्हॉट्सअॅपवर ४५० ला दिसली की दुकानदार माल परत करतो, आणि त्याचं बरोबर आहे. किरकोळ गिऱ्हाइकाला सगळीकडे ६५० च ठेवा, कुरियर वेगळा. ४५० हा घाऊक भाव, तोही २० नग एकदम आणि रोख घेणाऱ्यालाच. तो दुकानदार ६५० ला विकेल, त्याचे २०० सुटतील, तुमचा नफा शाबूत राहील.

प्रदर्शनाचा हिशेब वेगळा बसतो, कारण तिथे खर्च आधी होतो. दोन दिवसांच्या स्टॉलचं भाडं ४,०००, टेम्पो-जेवण ८००, आणि तुमचे १८ तास ७५ ने १,३५०. एकूण ६,१५० रुपये. ६५० ला विकलेल्या बॅगेत उत्पादन खर्चाच्या वर २५८ रुपये असतात. ६,१५० भागिले २५८, म्हणजे २४ बॅगा विकल्या तरच स्टॉल अंगावर आला नाही असं म्हणता येईल. नेहमीचा नफा हवा असेल तर ३१ बॅगा. भाडं भरण्याआधी हे दोन आकडे कागदावर काढा आणि गेल्या वर्षी तिथे बसलेल्या कोणाला तरी साधारण किती नग गेले ते विचारा. गल्ल्यात किती जमले हे विचारून काही कळत नाही, नगच विचारा.

बाजार ६५० देत नसेल तर

शेजारच्या स्टॉलवर तशीच दिसणारी बॅग ४५० ला आहे. पहिली उबळ येते ती आपली मजुरी कापण्याची. त्याआधी ती बॅग हातात घेऊन उलटी करून पाहा. फोम आहे का, अस्तराच्या आतली शिलाई उघडी आहे का, चेन आहे की नुसतं बटण. बहुतेक वेळा ती वेगळीच बॅग असते. खरोखर तेवढीच चांगली असेल, तर तुमच्या बॅगेतला वेळ कुठे जातो ते पाहायचं, आणि त्यासाठी एका मिनिटाची किंमत माहीत हवी.

मजुरी ७५ आणि वरकड ५४, तासाला १२९ रुपये. म्हणजे मिनिटाला २ रुपये १५ पैसे. त्यावर बिघाड, नफा आणि दुकानाचं कमिशन चढलं की गिऱ्हाइकाच्या किमतीत एक मिनिट साधारण ३ रुपये ७० पैशांचं होतं. चेनीऐवजी चुंबकाचं बटण लावलं आणि १० मिनिटं वाचली, सामानाचा खर्च तेवढाच राहिला, तरी ६५० ची बॅग ६१५ ला देता येते. दहाऐवजी वीस बॅगा एकदम कापल्या, एकाच रंगाच्या दोऱ्यात शिवल्या, तर आणखी काही मिनिटं सुटतात. कापडात पाच-दहा रुपयांची काटकसर करण्यापेक्षा हे जास्त फळतं आणि बॅगेचा दर्जाही टिकतो.

उलट्या बाजूनेही हेच गणित चालतं. बॅगेवर हाताने भरतकाम करून ५० रुपये जास्त लावणारे पुष्कळ दिसतात. त्याला ४५ मिनिटं लागत असतील तर दुकानातल्या किमतीत ते १६७ रुपयांचं काम आहे. ५० च मिळणार असतील तर भरतकाम करू नका, किंवा ते १५ मिनिटांत होईल एवढं लहान करा.

गिऱ्हाइकाच्या पसंतीची एकच बॅग करून द्यायची असेल तर ८० मिनिटांचा आकडा लागू होत नाही. एका बॅगेसाठी दोरा बदला, आखा, कापा, यात १३० मिनिटं जातात. ५० मिनिटं जास्त, म्हणजे १०७ रुपये. त्यात खण अर्धा मीटर घ्यावा लागतो, ७२ ऐवजी ९० रुपये, हे १८. दोन्ही मिळून १२५, बिघाड आणि नफा धरून १५०. म्हणून खास ऑर्डरची किंमत ८००, निम्मे पैसे आधी. हे पहिल्याच निरोपात सांगून टाका. कापड कापल्यावर सांगितलं तर वाद होतो.

घासाघीस आणि सणाची सूट यांचं गणित आधीच करून ठेवा. दुकानात ६५० वर १० टक्के सूट दिली आणि ती तुमच्याकडूनच गेली असं धरा. ५८५चे ७० टक्के ४०९ रुपये ५० पैसे, त्यातून ३९२ वजा केले की साडेसतरा रुपये उरतात. ऐकायला १० टक्के सूट, पण नफ्यातला जवळजवळ सत्तर टक्के भाग तिने नेला. दुकानदाराशी बोलताना सूट दोघांनी अर्धी-अर्धी सोसायची हे आधी ठरवा. प्रदर्शनात किंमत कमी करण्यापेक्षा त्या उरलेल्या १२ इंची पट्टीचा छोटा पाऊच बॅगेबरोबर द्या. त्याचं कापड बॅगेच्या हिशेबात धरलेलं असेल तर तुम्हाला फक्त १५ मिनिटं आणि थोडी चेन पडते, म्हणजे सूट दिली असती तर गेले असते त्यापेक्षा निम्मेच पैसे.

हा सगळा हिशेब एका पानावर मांडा आणि दर तीन महिन्यांनी त्याच पानावर तीन आकडे तपासा: खणाचा आजचा भाव, एका बॅगेची मिनिटं, आणि महिन्यात खरोखर शिवणकामात गेलेले तास. खण १८० चा २१० झाला तर बॅगेची दुकानातली किंमत २१ रुपयांनी वाढते, एवढी वाढ गिऱ्हाईक बोलून न दाखवता देतं. तिसरा आकडा जास्त जपा. शिवण्याचे तास ७० वरून ५० वर आले, कारण निरोप आणि फेऱ्या वाढल्या, तर उत्तरांतच आणखी २० तास जातात, वरकड रक्कम ५,२८० होते आणि तासाला ५४ ऐवजी १०५ रुपये ६० पैसे पडतात. त्या दिवशी किंमत वाढवण्याआधी नमुन्यांचे फोटो, मापं, रंग आणि भाव यांचा एकच तयार निरोप लिहून ठेवा आणि कुरियरचा आठवड्यात एकच दिवस नेमा.